महिनाभरासाठी घर घेताय? चेक-इनची वेळ, घरचे नियम आणि सफाईचे पैसे आधीच विचारा

मोहगाव : लॉजमध्ये खोली घेतली की प्रश्न फार पडत नाहीत. दर भिंतीवर लिहिलेला असतो, खोली रिकामी करायची वेळ काउंटरवर सांगतात. वर्षभरासाठी भाड्याने घर घेतलं तरी रीत ठरलेली असते: अनामत, महिन्याचं भाडं, लाइटबिल वेगळं. पण सामानासकट सजवलेलं घर फक्त एका महिन्यासाठी घ्यायचं म्हटलं की दोन्ही रीती एकमेकींत मिसळतात. पाहुणा लॉजसारखी अपेक्षा धरतो आणि घरमालक त्याला भाडेकरू समजतो. वाद तिथेच सुरू होतो.

सौंसर-पांढुर्णा भागात अशी घरं आता बऱ्याच ठिकाणी सापडतात. मुलगा-सून नोकरीनिमित्त नागपूर-पुण्याला, खाली आईवडील आणि वरचा मजला पलंग, गॅस, फ्रीजसकट कुलूपबंद. घ्यायला येणारेही वेगवेगळे. कोणी बोरगावच्या कारखान्यात महिनाभराच्या कामाला, कोणी संत्र्याच्या हंगामात माल घ्यायला, कोणी बऱ्याच वर्षांनी आपल्या गावाकडे. या सगळ्यांनी फोनवर विचारायचे प्रश्न तीनच असतात. खोली कधी मिळेल? घरचे नियम काय? आणि सफाईचे पैसे किती? प्रश्न छोटे आहेत, पण प्रत्येकाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो. तो विचारला नाही तर महिन्याच्या शेवटी पैशांवरून तोंड वाकडं होतं.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. पुण्याची एक ताई आहे, काम लॅपटॉपवरचं. आईचं माहेर मोहगावचं, म्हणून आईला घेऊन ५ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर असा महिना इथे काढायचा तिचा विचार आहे. ओळखीतून एका घरचा नंबर मिळतो. माणसं आणि रकमा इथे समजावण्यापुरत्या धरल्या आहेत, हिशोबाची रीत मात्र नेहमीची आहे.

‘कधी येऊ?’ म्हणजे ‘महिना कुठून कुठवर?’

ताई पहिला प्रश्न विचारते, “काकू, आम्ही पाच तारखेला सकाळी आलो तर चालेल ना?”

काकू म्हणतात, “या ना, पण खोली दोन वाजता देईन. चार तारखेले रात्री पहिले पाहुणे आहेत, ते सकाळी निघतात. मंग झाडणं-पुसणं, चादरी बदलवणं व्हाचं आहे.”

चेक-इनची वेळ दुपारी का असते, ते या उत्तरात आहे. जाणारा सकाळी दहा-अकराला निघतो, येणारा दुपारी एक-दोनला येतो आणि मधल्या तीन-चार तासांत घर साफ होतं. ती वेळ म्हणजे मालकाची अडवणूक नाही. पण ताईची अडचणही खरी आहे. पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघालं की नागपूरला सकाळी उतरणं होतं. तिथून सावनेरमार्गे सौंसर आणि पुढे मोहगाव. म्हणजे दुपारच्या आधीच ती दारात उभी राहणार, सोबत वयस्क आई आणि तीन बॅगा.

म्हणून नुसतं ‘लवकर खोली द्या’ म्हणून भागत नाही. विचारायचं असं : “आम्ही साडेअकराला पोहोचू. खोली दोनला मिळाली तरी चालेल, पण तोवर सामान ठेवायला आणि आईला बसायला खाली जागा होईल का?” याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. आदल्या रात्री घर रिकामंच असेल तर लवकर ताबाही मिळू शकतो. फक्त तो फुकट आहे की अर्ध्या दिवसाचे पैसे लागतील, ते त्याच फोनवर विचारून घ्यावं.

दुसरी गोष्ट किल्लीची. नोव्हेंबरात आंबिया बहाराच्या संत्र्याची तोडणी सुरू असते. घरचे सगळे सकाळीच बगिच्यात गेलेले असतात. ‘कधीही या’ असं मालक मोकळेपणाने म्हणतो, पण पाहुणा दारात येतो तेव्हा घराला कुलूप असतं. किल्ली कोणाच्या हातून मिळणार आणि त्याचा नंबर कोणता, हे आधी कळायला हवं. रात्री उशिरा पोहोचायचं असेल तर मालक किती वाजेपर्यंत जागा असतो, हेही विचारावं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि तीच बहुतेकांकडून राहते. ‘एक महिना’ म्हणजे नेमके किती दिवस? ५ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर या ३० रात्री होतात. ५ डिसेंबर ते ५ जानेवारी म्हटलं तर ३१ होतात. ५ फेब्रुवारी ते ५ मार्च, लीप वर्ष नसेल तर २८ होतात. भाडं मात्र तिन्ही वेळा ‘महिन्याचं’च. एअरबीएनबीसारख्या बुकिंगच्या संकेतस्थळांवर २८ रात्रींपासून पुढचा मुक्काम लांब मुक्काम धरला जातो आणि बुकिंग रद्द करण्याचे नियमही त्यानुसार बदलतात. घरमालक तारीख ते तारीख धरतो, लॉजवाला रात्री मोजतो. म्हणून तारखा, रात्री आणि निघायची वेळ असं तिन्ही लिहून घ्यावं : ‘५ नोव्हेंबर दुपारी दोनपासून ५ डिसेंबर सकाळी अकरापर्यंत, ३० रात्री.’ एवढ्या एका ओळीने शेवटच्या दिवसाचा वाद मिटतो.

नियमांमागचं कारण विचारा

ताईचा दुसरा प्रश्न : “घरात काही नियम आहेत का?”

“नियम काय, घरच्यासारखं राहा,” असं उत्तर मिळतं. हे उत्तर प्रेमाचं असतं, पण उपयोगाचं नसतं. काकूंच्या घरी नॉनव्हेज शिजत नसेल तर ‘घरच्यासारखं’ याचा अर्थ एक, आणि ताईच्या घरी शिजत असेल तर दुसरा. त्यामुळे प्रश्न सुटे करून विचारावे लागतात. स्वयंपाकघरात काय शिजवलेलं चालत नाही? रात्री फाटकाला कुलूप कधी लागतं? भेटायला आलेले नातेवाईक रात्री थांबले तर चालेल का, आणि त्याचे पैसे वेगळे का? दारू-सिगारेटचं काय? नळ किती वाजता येतो आणि टाकी कोण भरतं?

माहेरच्या गावी आलेल्या आईला पाहुणे येणारच. मामा-मावश्या, त्यांची मुलं. दोन माणसं म्हणून घर दिलं आणि रविवारी आठ जण जेवायला बसले, की मालकाच्या कपाळावर आठ्या पडतात. ‘दिवसा येणारे कितीही, रात्री मुक्कामाला दोघींशिवाय कोणी नाही’ असं आधी बोलून घेतलं, तर दोघांनाही मोकळं वाटतं.

ज्या महिन्यात घर घ्यायचं त्यात सण कोणता येतो, हेही पाहावं. पोळ्याच्या सुमारास, आणि दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते तेव्हा, या भागात घरोघरी पाहुणे असतात. महाशिवरात्रीला मोहगावच्या अर्धनारीश्वर मंदिरात गर्दी असते. त्या दोन-तीन दिवसांत मालकाला वरची एखादी खोली स्वतःच्या पाहुण्यांसाठी लागणार आहे का, हे आधीच विचारलेलं बरं. महिन्याचं भाडं पूर्ण घेऊन मध्येच ‘दोन दिवस एक खोली द्या’ म्हटलं, की कोणालाही राग येतो.

आता सगळ्यांत जास्त धुसफुस होते तो नियम : ‘गिझर अर्ध्या तासाच्या वर चालवू नका.’ पाहुण्याला हा कंजूसपणा वाटतो, पण त्यामागे हिशोब आहे. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत घरगुती ग्राहकाचा महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत असेल, तर पहिल्या १०० युनिटचे फक्त १०० रुपये लागतात. वापर १५० च्या वर गेला की त्या महिन्याची सवलतच जाते. काकूंचा स्वतःचा वापर ९० युनिट आहे असं धरा. वरच्या मजल्यावर ताईने ७० युनिट वापरले आणि मीटर एकच असेल, तर एकूण १६० झाले. म्हणजे पाहुण्यामुळे ७० युनिटचं बिल वाढलंच, शिवाय काकूंच्या स्वतःच्या ९० युनिटवरची सवलतही गेली. लाइट भाड्यातच आहे असं मोघम बोलून काकू बसल्या असतील, तर बिल आल्यावर त्यांना धक्का बसतो आणि राग पाहुण्यावर निघतो.

म्हणून विचारायचं असं : “वरच्या मजल्याला वेगळं मीटर आहे का, सबमीटर आहे की सगळं एकच?” सबमीटर असेल तर पहिल्या दिवशीच्या आकड्याचा फोटो काढायचा आणि युनिटचा दर आधी ठरवायचा. एकच मीटर असेल तर पाहुण्याच्या वाट्याला ठरावीक रक्कम धरणं सोपं पडतं. लॅपटॉपवर काम करणाऱ्याने लाइट गेल्यावर इन्व्हर्टर आहे का, वायफाय कोणाचं आणि मोबाइलला घरात रेंज कितपत मिळते, हेही याच वेळी विचारावं. पहिल्या दिवशी मीटिंग असताना ते कळून उपयोग नाही.

एक नियम मात्र पाहुण्याने वाईट वाटून घेऊ नये : ओळखपत्राची प्रत. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे आदेश जिल्हा प्रशासन वेळोवेळी काढतं, त्यामुळे ती मागणं मालकाला भाग असतं. आधारची प्रत देताना शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड आधार’ देता येतं. पाहुण्याकडे परदेशी पासपोर्ट असेल तर मालकाला २४ तासांच्या आत ऑनलाइन फॉर्म भरून कळवावं लागतं. अमेरिकेहून गावी आलेला सख्खा भाचा असला आणि पासपोर्ट तिथला असला, तरी हे लागू होतं.

सफाईचे पैसे : अनामत वेगळी, सफाई वेगळी

तिसरा प्रश्न, “सफाईचे पैसे किती?” काकू सांगतात, “नऊशे.” इथे बहुतेक जण ‘बरं’ म्हणून फोन ठेवतात. खरे प्रश्न याच्या पुढचे आहेत.

पहिलं म्हणजे, हे नऊशे एकदाच की दर आठवड्याला? बुकिंगच्या संकेतस्थळांवर ज्याला क्लीनिंग फी म्हणतात, ती पूर्ण मुक्कामाला एकदाच लागते. पाहुणा गेल्यावर घर पुढच्यासाठी तयार करायचा तो खर्च असतो. म्हणूनच मुक्काम जेवढा लांब, तेवढा तो हलका पडतो. तीन रात्रींसाठी नऊशे म्हणजे रात्रीला ३०० रुपये, ३० रात्रींसाठी नऊशे म्हणजे रात्रीला फक्त ३०. पण एकदाच लागणाऱ्या या पैशात रोजचं झाडणं-पुसणं धरलेलं नसतं. लॉजमध्ये रोज खोली साफ होते म्हणून इथेही होईल असं पाहुणा धरून चालतो, आणि आठवडाभर कोणी फिरकत नाही.

दुसरं म्हणजे, मधल्या सफाईचं काय? काकूंकडे येणारी बाई वरचं घर आठवड्यातून एकदा करेल का, आणि तिचे पैसे कोण देणार? चादरी-टॉवेल किती जोड मिळतील, ते कोण धुणार? कचऱ्याची गाडी किती वाजता येते? गादी, पंखा, संडास-बाथरूम यांची सफाई नऊशेत आहे की नाही?

तिसरं, आणि भांडणाचं खरं मूळ : जाताना घर कसं सोडायचं? सफाईचे पैसे दिले म्हणजे भांडी घासायची नाहीत, असं पाहुण्याला वाटतं. सफाई म्हणजे झाडू-पोछा आणि चादरी, तेलकट ओटा पाहुण्यानेच पुसायचा, असं मालकाला वाटतं. मग नऊशे घेऊनही अनामतीतून आणखी पाचशे कापले जातात. अनामत आणि सफाई यांतला फरक दोघांनी लक्षात ठेवावा. सफाईचे पैसे खर्चासाठी घेतलेले असतात, ते परत मिळत नाहीत. अनामत पाहुण्याचीच असते. त्यातून ठरलेलं लाइटबिल आणि खरोखर झालेलं नुकसान एवढंच कापायचं. बोअरच्या पाण्याने नळावर आलेला पांढरा थर हे नुकसान नाही. फुटलेली काच हे नुकसान आहे. रोजच्या वापराने चादर थोडी विटली तर ते नुकसान नाही, इस्त्रीने जळली तर आहे.

ओळख पटावी म्हणून येतानाच सगळ्या खोल्यांचा एक व्हिडिओ काढून मालकालाच पाठवून द्यावा. पंखा, गिझर, फ्रीज, गादी, बाथरूमचा नळ आणि मीटरचा आकडा एवढं त्यात आलं की पुरे. व्हिडिओ दोघांच्या फोनमध्ये राहतो, म्हणून जाताना आठवणीवर भांडावं लागत नाही.

स्वस्त घर कोणतं? पूर्ण बेरीज करून पाहा

ताईला काकूंच्या घराचं भाडं ९,००० सांगितलं गेलं. दुसऱ्या गल्लीतल्या घराचं १०,५००. ऐकायला काकूंचं घर दीड हजाराने स्वस्त. पण सगळे प्रश्न विचारल्यावर हिशोब असा झाला.

काकूंकडे भाडं ९,०००, शेवटच्या सफाईचे ९००, आठवड्यातून एकदा येणाऱ्या बाईचे १५० प्रमाणे चार वेळचे ६००, आणि सबमीटरवर अंदाजे ७० युनिटचे ठरलेल्या ८ रुपये दराने ५६०. एकूण ११,०६०. दुसऱ्या घरी १०,५०० मध्ये लाइट आणि आठवड्याची सफाई धरलेली, जाताना वेगळे काही नाही. म्हणजे महाग वाटलेलं घर ५६० रुपयांनी स्वस्त निघालं.

तरीही ताईने काकूंचंच घर घेतलं, कारण तिथे आईला जिना कमी चढावा लागतो आणि माहेरची गल्ली जवळ आहे. असा निर्णय घ्यायला हरकत नाही. फक्त तो आकडा माहीत असताना घेतलेला असावा. अनामत ३,००० दिली होती. जाताना लाइटचे ५६० त्यातून वळते झाले आणि २,४४० परत आले. नऊशेचा आणि बाईच्या पैशांचा हिशोब आधीच झालेला असल्याने वाद घालायला काही उरलंच नाही.

बोलणं झालं की लिहून पाठवा

फोनवर ठरलेलं दोघांनाही वेगवेगळं आठवतं. म्हणून फोन ठेवल्याबरोबर एक मेसेज टाकावा. ताईने टाकलेला मेसेज असा :

“काकू नमस्कार. आपलं ठरलं ते लिहून पाठवते, चुकलं असेल तर सांगा. ५ नोव्हेंबर दुपारी २ ते ५ डिसेंबर सकाळी ११, एकूण ३० रात्री, आम्ही दोघी. आम्ही साडेअकराला येऊ, सामान खाली ठेवू. भाडं ९,०००. शेवटच्या सफाईचे एकदाच ९००. त्यात झाडू-पोछा, बाथरूम, चादरी आल्या. भांडी आणि ओटा आम्ही साफ करून देऊ. आठवड्याला बाई, तिचे १५० आम्ही देऊ. लाइट सबमीटरप्रमाणे ८ रुपये युनिट. अनामत ३,०००, जायच्या दिवशी हिशोब करून परत. घरात नॉनव्हेज नाही, फाटक रात्री दहाला बंद, मुक्कामाला दुसरं कोणी नाही. एखादे वेळी लवकर निघावं लागलं तर किती दिवसांचे पैसे परत मिळतील, ते तेवढं सांगा.”

शेवटची ओळ मुद्दाम आहे. महिन्याचं भाडं आगाऊ दिल्यावर पंधराव्या दिवशी घरून फोन आला आणि निघावं लागलं, तर काय? ‘आठ दिवस आधी सांगितलं तर उरलेल्या दिवसांचे अर्धे पैसे परत’ अशी काहीतरी तडजोड आधीच ठरवता येते. वेळ आल्यावर ठरवायला गेलं तर एकाला नुकसान वाटतं आणि दुसऱ्याला अन्याय.

काकूंचं उत्तर आलं : “सगळं बरोबर आहे. लवकर गेल्या तर दुसरा पाहुणा भेटला तर देईन, नाही भेटला तर अर्धे.” हा मेसेज दोघींसाठीही पुरावा आहे.

सीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा एक फरकही ध्यानात ठेवावा. महाराष्ट्रात, म्हणजे सावनेर किंवा नागपूरला घर घेतलं, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे घर देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. तो कायदा मध्य प्रदेशात लागू नाही. नोंदणी कायदा १९०८ प्रमाणे एक वर्षाच्या आतल्या, महिन्याच्या भाड्याच्या व्यवहाराला नोंदणीची सक्ती नाही. पण सक्ती नाही म्हणून तोंडीच ठेवावं असंही नाही. नोंदणी नसेल तेव्हा तारीख, रक्कम आणि अटी लिहिलेला साधा कागद किंवा मेसेजच कामी येतो.

घर देणाऱ्यांनीही हेच प्रश्न स्वतःहून मांडले तर त्यांचंच काम सोपं होतं. दोन वाजता खोली, अकराला निघणं, गिझरचा नियम आणि त्याचं कारण, नऊशेत काय येतं आणि काय येत नाही, एवढं एका कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवून ठेवलं की प्रत्येक पाहुण्याला पुन्हा सांगावं लागत नाही.